प्रीमियरचं आवतण

तीन ओळी लिहायला अख्खी दुपार जाते, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे लिहिण्यावाचण्याचं काहीही निघालं की ते माझ्याकडे येतं. लाईट बिल काय म्हणतंय, लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं, बँकेतून आलेला मेसेज खरा की खोटा. त्यातून मी मराठी विषय घेतलेला. मराठी घेतलेल्या मुलीच्या हातून मराठी भराभर वाहत असणार असं सगळ्यांना वाटतं. माझं उलट आहे. एक शब्द लिहिला की मला दुसरा बरा वाटायला लागतो.

माझा चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणते, फिरण्याचे व्हिडिओ करतो. शहापूर-मुरबाडच्या डोंगरांतल्या वाटा, तानसाच्या बाजूचं जंगल, कुणी जात नाही अशा टेकड्यांवरची टाकी. आधी तो भिवंडीकडे गोदामात कामाला होता. ते सोडून त्याने चॅनेल काढलं तेव्हा काका महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. आता बोलतात, पण तोंडाकडे न बघता.

त्याचा नवा व्हिडिओ तयार झाला होता आणि तो शनिवारी रात्री आठला प्रीमियर करायचा असं त्याने ठरवलं. प्रीमियर म्हणजे व्हिडिओ आधीच चढवून ठेवायचा, पण उघडायचा ठरल्या वेळी. त्या वेळेआधी त्याचं पान सगळ्यांना दिसतं, तिथे लोक आठवणीसाठी घंटा दाबून ठेवतात. वेळ झाली की दोन मिनिटांची उलटी मोजणी होते, मग सगळे एकदम बघतात, शेजारी गप्पा मारतात, आणि कुणालाही व्हिडिओ पुढे पळवता येत नाही. या सगळ्याची जाहिरात करणारी जी पोस्ट टाकायची, तिच्या खालचा मजकूर माझ्या गळ्यात आला.

शहापूरला एसटी स्टँडजवळ दादाच्या ओळखीच्या लग्न-फोटोग्राफरचा स्टुडिओ आहे. तिथलं नेट चांगलं, म्हणून व्हिडिओ तिथूनच चढवतात. गुरुवारी कॉलेज सुटल्यावर मी तिथे गेले तर दादाने मला स्टूल दिलं, मोबाईल दिला आणि म्हणाला, "लिही."

"काय लिहू?"

"कॅप्शन. वर एक ओळ अशी की वाचणाऱ्याने थांबलंच पाहिजे. मग टाइम. मग सबस्क्राईब करा. पण गोड. मागितल्यासारखं वाटता कामा नये."

"मग मागायचं नाही?"

"मागायचंच आहे गं. पण मागितल्यासारखं नको."

याचं कारण मला माहीत होतं. मागच्या व्हिडिओखाली त्याने 'सबस्क्राईब ठोका' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली कुणीतरी लिहून गेलं होतं की पोरगा हिंडतो चांगला पण दर दोन मिनिटांनी हात पसरतो. ते काकांनी कुणाच्या तरी मोबाईलवर वाचलं. त्या दिवशी ते पुन्हा बोलायचे बंद झाले.

पहिल्या ओळीवरूनच आमचं भांडण सुरू झालं. दादाला हवं होतं, 'ही वाट कुणालाच माहीत नाही.'

"असं कसं?" मी म्हटलं. "मामांच्या सगळ्या गावाला माहीत आहे."

"गाव धरू नको. बाकीच्यांचं म्हणतोय."

"मग 'बाकीच्यांना माहीत नाही' असं लिहू?"

त्याने कपाळाला हात लावला.

हे मामा म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ. त्यांचं घर मुरबाड तालुक्यात, अगदी घाटाच्या पायथ्याला. त्यांच्या तरुणपणी त्या गावची माणसं हिरडा आणि भात डोक्यावर घेऊन वरच्या बाजारात जायची. ती जुनी घाटवाट आता झुडपांत गेली आहे. ती वाट मामांनी दाखवावी म्हणून दादा माझ्याकडे आला, मी आईकडे गेले, आईने मामांना फोन केला. मामा हो म्हणाले ते आईच्या शब्दाखातर. व्हिडिओत अर्धा वेळ तेच आहेत, हातात कोयता घेऊन पुढे चालताना. मामा काढले तर मागे काय उरतं? झाडं आणि दादाचं धापा टाकणं.

वाटेत एका जागी दगडांची रास आहे. तिथे देव आहे. वर जाणाऱ्याने झाडाची डहाळी मोडून त्या राशीवर ठेवायची आणि मगच पुढे जायचं. दादा कॅमेरा घेऊन तसाच पुढे गेला आणि मामा मागे थांबले. व्हिडिओत दादा दहादा हाक मारतो, मामा हलत नाहीत. मला तोच सगळ्यात चांगला भाग वाटला होता. म्हणून शेवटी मी लिहिलं: 'अर्ध्या घाटात मामा थांबले. काही केल्या पुढे येईनात.'

दादाने दोनदा वाचलं. "'काय दिसलं त्यांना?' असं जोडू?"

"त्यांना काही दिसलं नव्हतं."

"तुला ना, कॉलेजने बिघडवलंय," तो म्हणाला. पण ओळ ठेवली. पोस्टखालच्या मजकुराची पहिली ओळच तेवढी दिसते, बाकीचं 'आणखी'च्या आड जातं, त्यामुळे जे काय सांगायचं ते तिथेच, हे त्यानेच मला शिकवलं होतं.

वेळेचं सोपं असेल असं मला वाटलं. तेही नव्हतं. नुसतं 'आठ' लिहिलं तर सकाळचे की रात्रीचे. 'उद्या' किंवा 'आज' लिहायचं नाही, कारण पोस्ट कुणाला कधी दिसेल त्याचा नेम नाही. दादाचा एक दर्शक दुबईत आहे, तो मागे चुकीच्या वेळी येऊन बसला होता, म्हणून 'भारतीय वेळ' घालायचं. चॅनेलच्या पानावर ज्याला त्याला त्याच्या देशाची वेळ दिसते, पण आपण हाताने लिहिलेली तशी बदलत नाही. एवढं सगळं करून मी लिहिलं: 'शनिवार, रात्री ८ वाजता, भारतीय वेळ.' तोवर दादाने फोटोवरही मोठ्या पिवळ्या आकड्यात 'रात्री ८' टाकून घेतलं होतं. मामांच्या पाठमोऱ्या फोटोवर, बरोबर त्यांच्या टोपीच्या वर.

राहिली शेवटची ओळ. मी लिहीत होते, पुसत होते. 'सबस्क्राईब करा' हुकमासारखं वाटे. 'कृपया सबस्क्राईब करावे' म्हटलं की ग्रामपंचायतीची नोटीस. 'आपल्या प्रेमाची गरज आहे' यावर दादा म्हणाला, कुणी गेलंय का घरातलं? फोटोग्राफर दोनदा चहा सांगून आला. दुकानात पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या एका बाईंनी न विचारता सुचवलं की 'अगत्य येणेचे करावे' लिहा.

त्यांच्या त्या बोलण्यावरून मला सुचलं. आमच्याकडे कार्याला घरोघर जाऊन आवतण देतात. दारात उभं राहायचं, घरात कार्य आहे म्हणायचं, या म्हणायचं. त्यात विनवणी नसते आणि हुकूमही नसतो. मी लिहिलं: 'हे आमचं आवतण समजा. आवडलं तर सबस्क्राईब करून ठेवा, म्हणजे पुढच्या वाटेला हाक मारता येईल. नाही आवडलं तरी येत जा.'

दादाने सगळं पुन्हा वरपासून वाचलं. मग म्हणाला, "गावठी आहे. पण चालेल. चालेल म्हणजे, बरं आहे." त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. त्याने पोस्ट टाकली, तोच मजकूर व्हिडिओच्या पानावर टाकला, स्टेटसला टाकला. मी किन्हवलीच्या एसटीत खिडकीशी बसून घरी येईपर्यंत चारदा उघडून वाचला. मला माझाच अभिमान वाटत होता, आता काय लपवायचं.

शुक्रवारी सकाळी आईला मामींचा फोन आला.

मामींचा आवाज असा की स्पीकर लावायची गरज पडत नाही. "काय बाय, जगाला आवतान गेला म्हनं तुमच्या पोरांचा! आमच्याकडं कवा येताव?"

आईला काहीच कळलं नाही. "कसला आवतान वयनी?"

"मला काय इचारतेस? शेजारचा पोरगा मोबाईल घेऊन आला, तुझ्या भावाचा फोटू दाखवला, आन खाली वाचून दाखवला. आवतान समजा म्हनं! ह्यांनी वाचून घेतला दोन वेळा. कालपासून तोंड असा करून बसलेत. म्हनतात, माझा तोंड काढून टाकाय सांग त्याच्यातून. माझा थोबाड दाखवून गावजेवण, आन माझ्याच दाराशी कुनी नाय."

फोन ठेवल्यावर आईने माझ्याकडे पाहिलं. "तू लिवलंस?"

"हो."

"आवतान असा लिवलास?"

"तसं नाही गं आई, ती फक्त सांगायची पद्धत…"

"पयला आवतान गावदेवीला, दुसरा मामाच्या घरी. तुला म्हाईत नाय? लहान हायस? आन तू दुबईला दिलास आधी."

मला माहीत होतं. माझ्या ताईच्या लग्नात आई स्वतः हळदकुंकू, सुपारी घेऊन आधी मामांकडे गेली होती, मी तिच्याबरोबर होते. मला फक्त असं वाटलं नव्हतं की मोबाईलवरच्या तीन ओळींनाही ते लागू होईल. मी नुसतं 'सबस्क्राईब करा' लिहिलं असतं तर मामांना काही वाटलं नसतं. त्यांना त्याच्याशी देणंघेणंच नव्हतं.

दादाला फोन केला तर तो हसलाच. "एवढंच ना? मामांना माझ्याकडून व्हॉइस मेसेज पाठवतो."

"त्यांच्याकडे साधा फोन आहे दादा."

"मग फोन करतो."

आईने माझ्या हातातून मोबाईल घेतला. "फोनवर आवतान देतात का रे? तुझ्या बापाने दिला होता का कुनाला?"

"काकी, प्रीमियर आहे तो, बारसं नाही!"

"मंग आवतान कशाला लिवलाव? सिनेमा हाय, बघाय या, असा लिवायचा होता."

"ते तुमच्या मुलीने लिहिलं!"

"आन तू छापलास. शनिवारी आठच्या आधी भाऊ हो म्हनला तर लाव, नायतर नको लावूस. माझ्या शब्दावर तो माणूस त्या घाटात चढला. भाऊबीजेला मी कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्या दारात?"

तीन आठवड्यांचं काम होतं ते दादाचं. मामांशिवाय पुन्हा कापायचं म्हटलं तर कापण्यासारखं काही उरत नव्हतं. काकांना तो काय सांगणार होता, तेही मला दिसत होतं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. आधी आमच्या गावदेवीला नारळ. दादा देवळाबाहेर मोबाईल बघत उभा होता, आईने त्याला आत बोलावून त्याच्याच हातून तो फोडून घेतला. मग दादाच्या मित्राच्या रिक्षातून किन्हवलीवरून मुरबाडच्या बाजूला. रस्ताभर दादा घंटा दाबणाऱ्यांचा आकडा बघत होता आणि दर खड्ड्याला उसासा टाकत होता. आईच्या मांडीवर हळदकुंकवाचा करंडा, सुपाऱ्या आणि तांदूळ. मी मधे. मला दोघांच्याही बाजूने रडू येत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

मामा अंगणात खळं करत होते. भात पिवळं पडायला लागलं होतं, कापणीच्या आधी जमीन चोपून, सारवून घ्यायची असते. आम्हाला बघून त्यांनी हातातलं लाकडी चोपणं टाकलं नाही. उलट जोरात धोपटायला लागले.

"भाऊ," आई म्हणाली.

धप्.

"भाऊ, आवतान द्यायला आलीय."

धप्. "परवाच आला की मोबाईलवर. येकदम झ्याक आवतान. नाय आवडला तरी येत जा म्हनं."

मी जमिनीकडे बघत राहिले. माझंच वाक्य, त्यांच्या तोंडून इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "आता पोरांना बसू तरी द्या. आपलीच पोरां हायेत."

"आपली हायेत म्हनून तर. परक्याचा असता तर मी इचारलाच नसता." मग दादाकडे वळून, पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून: "तू तवा पन असाच पुढं गेल्तास. देवाला डहाळी नाय, काय नाय. मी थांबलो म्हनून परत आलास."

दादा आईजवळ गेला, तिच्या हातातला करंडा घेतला आणि मामांसमोर येऊन उभा राहिला. त्याला टिळा नीट लावता येईना, बोटाला कुंकू जास्त लागलं. मामांनी डोकं मागे घेतलं नाही, एवढंच. आईने मामींना हळदकुंकू लावलं. दादाने मामांच्या हातावर सुपारी ठेवली.

"कार्य कसला?" मामांनी विचारलं. हे विचारावंच लागतं, आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं.

"प्रीमियर," दादा म्हणाला.

"म्हंजी?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, की आपण घाटात काढलेला व्हिडिओ सगळे जण एकाच वेळी बघणार, कुणी आधी नाही, कुणी पुढे पळवायचं नाही, जे काय बोलायचं ते तिथेच एकमेकांत.

"म्हंजी पंगत," मामा म्हणाले.

"हो. तसंच."

त्यांनी चोपणं बाजूला ठेवलं. मला वाटलं, सुटलो. दादालाही वाटलं असणार, कारण तो त्या सकाळी पहिल्यांदा हसला.

"आन वकत?"

"रात्री आठ."

मामी मोठ्याने हसल्या. "आठला? आठला ह्यो माणूस घोरतो. ढोल वाजवलास तरी उठायचा नाय."

"मामा, नंतर बघता येतं," दादा घाईने म्हणाला. "कधीही. आणि तसंही माझ्याकडे फाईल आहे, लॅपटॉपवर आत्ता दाखवतो. आत्ता!"

"पंगतीच्या आधी जेवू? चोरून?"

"चोरून नाही मामा, तुम्ही तर त्यातलेच…"

"मी त्यातलाच. मंग पंगत बसंल तवा मी झोपलेला, आन मी जेवंन तवा पंगत उठलेली. असा आवतान असतो?" आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच कठीण होतं. ते खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होते. "आठ कुनी ठरवला?"

"मीच. मुंबई-पुण्याची माणसं तोवर घरी येतात."

"त्यांना कुंकू लावलास तू?"

दादा अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. मी त्याच्यामागे गेले.

"सात कर," मी म्हटलं.

"तुला कळतंय का काय बोलतेस? वेळ मागे घेता येते गं, चॅनेलच्या ॲपमधून मिनिटात होईल. ज्यांनी घंटा दाबली त्यांना नव्या वेळेची आठवण आपोआप जाईल. पण पोस्टचं काय? फोटोवर आठ आहे. खालचा मजकूर बदलता येतो, फोटो नाही. काढून नवी टाकली तर त्यावरचे लाईक, शेअर, सगळं गेलं. दोन दिवस लोकांनी पुढे पाठवलीय ती. ज्यांनी आठ वाचलंय ते आठला येतील, आणि म्हणतील हा येडा आहे."

"म्हणतील," मी म्हटलं.

"तू असं शांतपणे म्हणू नको."

मी शांत नव्हते. पण मागे आई खळ्याच्या कडेला मामांजवळ बसली होती आणि दोघं पावसाबद्दल बोलत होती, आणि मला ते मोडायचं नव्हतं.

नेटची रेंज गावात नव्हती. शाळेमागे एक खडक आहे, त्यावर उभं राहिलं की येते. दादा आणि मी त्या खडकावर उन्हात बसलो. त्याने वेळ सात केली. स्टेटस काढून नवं टाकलं. मग पोस्टचा मजकूर उघडून मोबाईल माझ्याकडे दिला. "आता लिही. तुझ्यामुळेच झालंय सगळं."

मला वाटलं होतं पुन्हा दुपार जाईल. पण या वेळी काही सुचायची वाटच बघावी लागली नाही. सगळ्यात वर, जिथे पहिली ओळ दिसते तिथे, मी लिहिलं: 'फोटोवर आठ आहे, ते सात वाचा. मामा आठला झोपतात आणि त्यांच्याशिवाय हा व्हिडिओ लावता येत नाही.' त्याखाली 'शनिवार, संध्याकाळी ७ वाजता, भारतीय वेळ'. मग मामांचं घाटात थांबणं. शेवटची ओळ मी काढायला गेले तर दादा म्हणाला, "आवतण राहू दे."

"नक्की?"

"आता देऊन झालंय ना पहिलं. राहू दे."

संध्याकाळी त्याच खडकाजवळ बसलो. शाळेच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवला, मोबाईलचं नेट त्याला जोडलं आणि मोबाईल खडकावर दगडाला टेकवून उभा केला, हलवला की रेंज जायची. मामा धुतलेला सदरा घालून आले. मामी, शेजारचा तो मोबाईलवाला पोरगा, चार-पाच घरची माणसं. आईने मामांच्या शेजारी बसायला जागा धरली. उलटी मोजणी सुरू झाली तेव्हा सगळे लॅपटॉपकडे सरकले. दादा नखाजवळची कातडी निघेपर्यंत नख चावत होता.

बघणारे त्याला हवे होते त्याच्या अर्धेही नव्हते. शेजारी गप्पांमध्ये कुणीतरी विचारत होतं, 'आठला ना?' दुसरं कुणीतरी उत्तर देत होतं, 'पोस्ट वाच, मामा झोपतात.' त्यावर एकाने लिहिलं, 'मामांना सांगा आम्ही ऑफिसातून बघतोय.' ते मी मोठ्याने वाचून दाखवलं. मामांनी मान हलवली, पंगतीत कुणी पलीकडून हात वर केला तर हलवतात तशी.

आणि मग, मामा राशीपाशी थांबले तिथेच, व्हिडिओ अडकला. गोल फिरत राहिलं. दादा खडकाकडे धावला, मोबाईल उचलून वर धरला, खाली धरला, त्याने जे शब्द वापरले ते इथे लिहिता येत नाहीत. मुंबई-पुण्याची माणसं पुढे गेली असतील, आम्ही तिथेच.

मामांना त्याचं काही वाटलं नाही. "इथं मी थांबलो," ते लोकांना सांगायला लागले. "ह्यो पुढं गेलता. मी म्हनलो, येईल परत." मग त्यांनी पुढचं सगळं सांगितलं, कुठली डहाळी मोडली, दादाने ती ठेवताना काय केलं, त्याला कोयता धरता येत नाही तेसुद्धा. लोक हसत होते. आई तोंडाला पदर लावून हसत होती. चित्र परत आलं तेव्हा व्हिडिओतला दादा सबस्क्राईब करा म्हणत होता आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"संपला?" मामांनी विचारलं. "चला मंग, जेवाय."

मामींनी भात आणि कडव्या वालाचं कालवण केलं होतं. आवतण आम्ही दिलं आणि जेवण त्यांच्या घरी, हे उलटं झालं असं आई म्हणाली, तर मामा म्हणाले, "तुमच्या पंगतीत नुसता बघाय होता, खायाला नव्हता. आमालाच बघाय लागला."

जेवून उठेपर्यंत मामांना अंगणातल्या बाजेवर झोप लागली. मामी म्हणाल्या तसे ते खरंच घोरत होते. आई त्यांच्या पायाशी बसली होती, मामींशी हळू आवाजात बोलत, की भाऊबीजेला लवकर येईन, सकाळच्याच गाडीने.

दादा आणि मी परत खडकावर गेलो, कारण आठ वाजले होते आणि पोस्टखाली माणसं यायला लागली होती. 'सुरू का होत नाही?' 'काय फसवाफसवी आहे?' 'आठ लिहिलंय ना?' एकामागून एक. ज्यांनी वरची ओळ वाचली नव्हती, ती सगळी. दादा खडकावर उताणा पडला होता आणि डोळ्यांवर हात ठेवून म्हणत होता, "तू दे उत्तरं. मराठी तू घेतलंयस."

मी प्रत्येकाला लिहीत बसले. की वेळ सातची झाली होती, माफ करा, आता साधा व्हिडिओ झालाय, कधीही बघा. की हो, फोटोवर आठच आहे. की नाही, मामांना काही झालेलं नाही, ते झोपलेत.